उधारीच्या यादीतली मराठी नावं बिघडतात तेव्हा: सॉफ्टवेअरवाल्याला पत्र कसं लिहावं

दिवाळीच्या आसपास कापूस घरात यायला लागतो आणि कृषी केंद्रवाले मृगात दिलेल्या बियाण्या-खताच्या उधारीची यादी काढायला बसतात. बिलिंग सॉफ्टवेअरमधून यादी एक्सपोर्ट केली, एक्सेलमध्ये उघडली, की कवडूच्या जागी `कवडू`. मग मालक रागारागात सॉफ्टवेअरवाल्याला लिहितो, ‘मराठी बरोबर येत नाही, लवकर दुरुस्त करा.’ चार दिवसांनी फोन येतो, ‘भाऊ, आमच्याकडं तं बराबर दिसते.’ प्रकरण तिथंच थांबतं.

घाटंजीच्या बाजूला मी चार-पाच दुकानांचे हिशेब पाहतो. अशी पत्रं मी लिहिलीत आणि परत आलेलीही पाहिलीत. पहिली दोन माझीच परत आली होती. कारण एकच: पत्रात तक्रार होती, पण समोरच्याला स्वतःच्या संगणकावर तोच बिघाड घडवून पाहता येईल असं काहीच नव्हतं. म्हणून खाली पत्राआधीची तयारी जास्त आहे आणि पत्र छोटं आहे.

## १. फाइल नव्यानं काढा, आणि उघडू नका

सॉफ्टवेअरमधून उधारीची यादी पुन्हा एक्सपोर्ट करा. फाइलच्या नावाच्या शेवटी `.csv` आहे का `.xlsx`, का `.pdf`, ते पाहून लिहून ठेवा. ही फाइल ‘मूळ’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. पाहायची असेल तर तिची प्रत करून ती पाहा.

हे आधी सांगण्यामागे कारण आहे. `.csv` फाइल डबल क्लिकनं एक्सेलमध्ये उघडली, नावं बिघडलेली दिसली आणि सवयीप्रमाणे सेव्ह केली, की जे फक्त दिसायला बिघडलेलं होतं ते फाइलमध्येही तसंच बसू शकतं. त्याहून वाईट प्रकार उलट्या बाजूचा. एक्सेलमध्ये नीट दिसणारी मराठी यादी `CSV (Comma delimited)` म्हणून सेव्ह केली, की प्रत्येक मराठी अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. तो पर्याय युनिकोडचा नाही. युनिकोडचा वेगळा आहे, `CSV UTF-8 (Comma delimited)`. पुष्कळ दुकानांत ग्राहकांची नावं आधी एक्सेलमध्ये टाइप करून मग सॉफ्टवेअरमध्ये चढवतात. तिथं हा पर्याय चुकला असेल तर दोष आपला, आणि पत्र लिहिल्यावर हेच आपल्या तोंडावर येतं.

आधी हे बघा: सॉफ्टवेअरच्या पडद्यावर, ग्राहकाच्या खात्यात नाव नीट दिसतं का? एक्सपोर्टचा विषय त्यानंतर.

## २. बिघाड कोणत्या जातीचा ते ओळखा

‘मराठी बिघडते’ या दोन शब्दांत निदान चार वेगळे आजार लपलेले असतात आणि प्रत्येकाला औषध वेगळं. नावाकडे नीट पाहा.

`कवडू` असं दिसतं. सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात सोपा प्रकार. यूटीएफ-८ पद्धतीत मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवलं जातं. एक्सेलला फाइल यूटीएफ-८ आहे हे कळलं नाही, की ते प्रत्येक बाइट म्हणजे एक रोमन अक्षर समजतं. कवडू म्हणजे क, व, ड आणि दीर्घ ऊकार अशी चार चिन्हं, म्हणून बारा विचित्र अक्षरं. वर मोजून पाहा. दर तिसऱ्या अक्षराच्या जागी `à` येतो ही याची खूण. यात माहिती शाबूत असते, फक्त चुकीची वाचली जाते.

`????` असं दिसतं. हा वाईट. सॉफ्टवेअरनं लिहिताना मराठी चिन्हाला जागाच ठेवलेली नसते, म्हणून प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह करून टाकलं जातं. ‘ज्ञानेश्वर’ला आपण चार अक्षरं म्हणू, पण प्रश्नचिन्हं दहा येतात, कारण दोन हलन्त, काना आणि मात्रा वेगळे मोजले जातात. प्रश्नचिन्हातून नाव परत काढता येत नाही. पडद्यावर नाव नीट असेल आणि फक्त एक्सपोर्टमध्ये `????` असतील, तर मूळ नोंद शाबूत आहे. पडद्यावरच प्रश्नचिन्हं असतील तर जुन्या बॅकअपशिवाय उपाय नाही.

`doMw` असं इंग्रजी टाइपसारखं दिसतं. सॉफ्टवेअर जुनं आहे आणि आत कृतीदेवसारखा फॉन्ट वापरलाय. तिथं मराठी साठवलेलीच नसते. रोमन अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. एक्सेलमध्ये त्या घराला तोच फॉन्ट लावला आणि कवडू उमटला, म्हणजे खात्री झाली. यात एक्सपोर्ट दुरुस्त करून भागत नाही, सगळी नावं युनिकोडमध्ये बदलून मागावी लागतात.

पीडीएफमध्ये चौकोन दिसतात, किंवा ‘किसन’ची वेलांटी क नंतर येते, ‘विठ्ठल’चा ठ पाय मोडून उभा राहतो. नोंदी बरोबर असतात, पीडीएफ बनवणाऱ्या भागाला एकतर फॉन्ट मिळत नाही किंवा जोडाक्षरं जोडता येत नाहीत. या तक्रारीचं पत्र वेगळं लिहा.

सावधान: दोन आजार एका पत्रात घालू नका. मोबाइल नंबर एक्सेलमध्ये `9.87E+09` असा दिसतो, ही तक्रारही याच पत्रात घुसवण्याचा मोह होतो. समोरचा त्यातली सोपी तेवढी सोडवतो आणि ‘काम झालं’ म्हणून तक्रार बंद करतो.

यापुढं मी पहिला प्रकार धरून चालतो, `.csv` फाइल आणि `à`ची रांग. दहात आठ वेळा तोच असतो, निदान माझ्याकडे आलेल्यांत.

## ३. नोटपॅडमध्ये पाहा

‘मूळ’ फोल्डरमधल्या फाइलची प्रत करा. तिच्यावर राइट क्लिक करून `Open with` मधून नोटपॅड निवडा.

नोटपॅडमध्ये नावं स्वच्छ मराठीत दिसली, तर डेटा चांगला आहे. आता खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे पाहा. अलीकडच्या विंडोजमध्ये तिथं `UTF-8`, `UTF-8 with BOM` किंवा `ANSI` असं लिहिलेलं असतं. आपल्या प्रकारात बहुधा नुसतं `UTF-8` असतं, आणि सगळी मेख तिथंच आहे.

फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक खूण ठेवता येते, तिला बॉम म्हणतात. एक्सेल डबल क्लिकनं फाइल उघडताना ही खूण शोधतं. असली तर मराठी नीट, नसली तर `à¤`. गूगल शीट्स मात्र खूण नसली तरी यूटीएफ-८ ओळखतं. म्हणून मालकाच्या मोबाइलवर यादी बरोबर दिसते, सॉफ्टवेअरवाल्याच्या शीट्समध्ये बरोबर दिसते आणि दुकानातल्या एक्सेलमध्येच बिघडते. तो ‘आमच्याकडं बराबर दिसते’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. आपण त्याला कशात उघडायचं ते सांगितलेलं नसतं, एवढंच.

आणखी एक परीक्षा करून निकाल लिहून ठेवा. कोरं एक्सेल उघडा, `Data > From Text/CSV` मधून तीच फाइल घ्या आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडा. तिथं नावं बरोबर दिसली, तर बिघाड फक्त बॉम नसण्याचा आहे हे पक्कं. पत्राचं उत्तर येईपर्यंत वसुलीची यादीही याच वाटेनं काढता येते.

आधी हे बघा: नोटपॅडमध्येच `????` असतील तर इथं थांबा. तुमचा प्रकार दुसरा आहे. पट्टीत `ANSI` लिहिलेलं असेल तर एक्सपोर्ट जुन्या पद्धतीनं होतंय. विंडोजची भाषा मराठी करूनही त्यात फरक पडत नाही, कारण मराठीसाठी तशी जुनी एएनएसआय सारणी विंडोजमध्ये नाहीच.

## ४. नमुन्याचे ग्राहक तयार करा

खरी उधारीची यादी पत्रासोबत पाठवू नका. त्यात शेतकऱ्यांची नावं, गाव, मोबाइल आणि कुणावर किती बाकी हे सगळं असतं. उधारीचे आकडे गावात फिरले तर उद्या गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढणार नाही.

त्याऐवजी सॉफ्टवेअरमध्ये ‘चाचणी’ नावाचा गट करून पाच खोटे ग्राहक टाका, प्रत्येकाची बाकी वेगळी ठेवा आणि तेवढ्याच गटाची यादी काढा. नावं मी अशी घेतो:

```
कवडू,100
किसन,200
विठ्ठल,300
दुर्गा,400
ज्ञानेश्वर विठ्ठल वऱ्हाडे,500
```

कवडू साधा. किसनमध्ये पहिली वेलांटी आहे, विठ्ठलमध्ये जोडाक्षर, दुर्गामध्ये रफार. शेवटचं नाव दोन कामांसाठी: एक, वऱ्हाडेतला ‘ऱ्ह’, जो बऱ्याच ठिकाणी अडखळतो. दुसरं, लांबी. हे नाव दिसायला बेताचं आहे, पण यूटीएफ-८मध्ये त्याचे ७१ बाइट होतात. कुणी नावाच्या रकान्याची मर्यादा इंग्रजीच्या हिशेबानं ५० बाइट ठेवली असेल, तर वऱ्हाडे गळून जातं; मर्यादा एखाद्या चिन्हाच्या मधोमध पडली तर शेवटी `�` असं चिन्ह येऊ शकतं. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहायची आपली रीत आहे, त्यामुळे ही अडचण आपल्याला हमखास भेटते.

आता तीन चित्रं काढा: सॉफ्टवेअरच्या पडद्याचं, नोटपॅडचं (खालची पट्टी दिसेल असं) आणि एक्सेलचं. मोबाइलनं पडद्याचा फोटो काढू नका, त्यात पट्टीवरची अक्षरं वाचता येत नाहीत. कीबोर्डवर विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा.

सावधान: बिघडलेलं नाव एक्सेलमधून कॉपी करून पत्रात चिकटवू नका. हलन्ताचा एक बाइट पडद्यावर दिसतच नाही आणि चिकटवताना गळू शकतो. मग समोरच्याला भलताच नमुना मिळतो. फाइलच जोडा.

## ५. पत्र

आता पत्र. पानभरापेक्षा मोठं नको. मागणी तिसऱ्या परिच्छेदात येते आणि ती मोजता येईल अशी असते. ‘मराठी सपोर्ट द्या’ ही मागणी नव्हे, तिला ‘दिला आहे’ एवढं उत्तर पुरतं.

> प्रति,
> तांत्रिक साहाय्य विभाग, ……………
>
> विषय: ग्राहक बाकी यादीच्या सीएसव्ही एक्सपोर्टमध्ये मराठी नावे एक्सेलमध्ये बिघडणे. परवाना क्र. ……, आवृत्ती ……
>
> महोदय,
>
> आमचे कृषी केंद्र घाटंजी तालुक्यात असून दि. …… पासून आम्ही आपले सॉफ्टवेअर वापरतो. वार्षिक देखभाल करार दि. …… पर्यंत आहे. संगणकावर विंडोज …… व एक्सेल …… आहे.
>
> रिपोर्ट्स > ग्राहक बाकी > एक्सपोर्ट > सीएसव्ही या मार्गाने काढलेली फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली असता मराठी नावे वाचता येत नाहीत. उदा. ‘कवडू’ हे नाव बारा रोमन चिन्हांच्या स्वरूपात दिसते. हीच फाइल नोटपॅडमध्ये व एक्सेलच्या Data > From Text/CSV मार्गाने, 65001 निवडून, बरोबर दिसते. नोटपॅड फाइलचे एन्कोडिंग UTF-8 असे दाखवते, UTF-8 with BOM असे नाही. यावरून नोंदी बरोबर आहेत व फाइलच्या सुरुवातीला बॉम लिहिला जात नाही, असे दिसते.
>
> आपणास विनंती की, (१) सर्व सीएसव्ही एक्सपोर्ट बॉमसह यूटीएफ-८ मध्ये द्यावेत, किंवा थेट .xlsx फाइलचा पर्याय द्यावा. (२) सोबतच्या नमुना फाइलमधील पाचही नावे एक्सेलमध्ये डबल क्लिकने पूर्ण व बरोबर दिसावीत. (३) दुरुस्ती ज्या आवृत्तीत येईल तिचा क्रमांक व तारीख दि. …… पर्यंत कळवावी.
>
> खात्री करताना कृपया फाइल गूगल शीट्समध्ये न उघडता एक्सेलमध्येच डबल क्लिकने उघडावी.
>
> सोबत: नमुना फाइल (खऱ्या ग्राहकांची माहिती नाही), तीन चित्रे.
>
> आपला,
> …………… (मालक), मोबाइल ……………

पहिल्या वाचनात ‘खात्री करताना’ ही ओळ उद्धट वाटते म्हणून एका दुकानदारानं ती खोडली होती. आठवड्यानं फोन आला तो ‘बराबर दिसते’चाच. तेव्हापासून ती ओळ मी कुणाला खोडू देत नाही.

तारीख ठरवताना आपली गरज सांगा, धमकी नको. ‘वसुली सुरू होण्याआधी’ हे समोरच्याला कळत नाही, दिनांक लिहा. आणि ‘बॉम लिहिला जात नाही’ याच्यापुढचं ‘असे दिसते’ काढू नका. आपण आतला कोड पाहिलेला नाही, निदान करायचं काम त्यांचं. आपला अंदाज चुकला तरी नमुना खरा असतो.

## ६. पाठवणं, आणि येणारी उत्तरं

आधी ईमेल, मग त्यांच्या तक्रार नोंदणीत तेच, मग तालुक्याच्या डीलरला प्रत. नमुना फाइल झिप करून जोडा, म्हणजे वाटेत कुणी उघडून सेव्ह केली तरी आतली मूळ तशीच राहते. तक्रारीचा क्रमांक आला की तो पत्राच्या आपल्या प्रतीवर लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर फक्त ‘क्रमांक अमुक, ईमेल पाहा’ एवढंच.

उत्तरं साधारण तीन येतात. ‘एक्सेलमध्ये इम्पोर्ट करून घ्या’ हे पहिलं. ते खरं आहे आणि तात्पुरतं चालतं, पण दुकानात बसणाऱ्या पोरानं दरवेळी पाच पायऱ्या करायच्या हा तोडगा झाला, दुरुस्ती नाही, असं नम्रपणे कळवा.

दुसरं, ‘रिमोटवर घेतो, एक सेटिंग करतो.’ यात ते बहुधा विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधल्या `Beta: Use Unicode UTF-8 for worldwide language support` या चौकोनात खूण करतात. यादी सुधारू शकते, पण ही खूण सगळ्या संगणकाला लागते. दुकानात एखादं जुनं सॉफ्टवेअर असेल तर ते बिघडण्याची शक्यता असते. करू द्यायचं असेल तर आधी बॅकअप घ्या, काय बदललं ते लिहून घ्या आणि संगणक बंद-चालू झाल्यावर बिल छापून पाहा. ऐन गर्दीच्या दिवशी तर नकोच.

तिसरं, ‘पुढच्या अपडेटमध्ये.’ आवृत्तीचा क्रमांक मागा. क्रमांक मिळाला नाही तर पंधरा दिवसांनी त्याच ईमेलला उत्तर म्हणून पुन्हा लिहा. नवा ईमेल सुरू केला की मागचं सगळं नव्यानं सांगावं लागतं.

## ७. दुरुस्ती आली की तपासा

अपडेट घालण्याआधी बॅकअप. मग ‘चाचणी’ गटाची यादी पुन्हा काढा आणि डबल क्लिकनं एक्सेलमध्ये उघडा. पाचही नावं अक्षरन् अक्षर वाचा, विशेषतः वऱ्हाडेचा शेवटचा मात्रा. नोटपॅडच्या पट्टीत आता `UTF-8 with BOM` यायला हवं.

त्यानंतर दोन गोष्टी पाहायच्या राहतात. इतर रिपोर्टही काढा: साठा, विक्री, जीएसटी. पुष्कळदा फक्त ज्याची तक्रार केली तेवढाच रिपोर्ट दुरुस्त होतो. आणि ही सीएसव्ही दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये चढवत असाल, उदाहरणार्थ हिशेबनीसाकडच्या, तर तिथं एकदा चढवून बघा. बॉम न समजणारं सॉफ्टवेअर पहिल्या रकान्याच्या नावाआधी `ï»¿` दाखवतं आणि ‘रकाना सापडला नाही’ म्हणून फाइल नाकारतं. एका दुकानात नेमकं हेच झालं. एक्सेल सुधारलं आणि हिशेबनीस अडला. तिथं मग आम्ही .xlsx आणि बॉम नसलेली सीएसव्ही असे दोन वेगळे पर्याय मागून घेतले.

सगळं बरोबर असेल तर तक्रार बंद करायला लेखी होकार द्या, त्यात आवृत्तीचा क्रमांक लिहा. चाचणी गटातले पाच ग्राहक पुसू नका, त्यांची बाकी शून्य करून ठेवा. पुढच्या अपडेटनंतर तेच पुन्हा लागतात.